मायनस डिस्क्रिमिनेशन आलेल्या प्रश्नाचं काय करायचं

प्रश्न: युनिट टेस्टनंतर एक्सेलमध्ये प्रत्येक एमसीक्यूचं डिफिकल्टी आणि डिस्क्रिमिनेशन काढलं. 25 पैकी 6 प्रश्न 0.20 च्या खाली आहेत, एक तर चक्क मायनसमध्ये. हे सगळे काढून टाकू का?

उत्तर: नको, निदान आकडा बघून लगेच तरी नको. मी फोंड्याच्या बाजूला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो आणि पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं, 0.20 च्या खालचे सगळे प्रश्न उडवले, नंतर कळलं की त्यातले दोन चांगले होते आणि जो खरा गडबडीचा होता तो मी नीट बघितलाच नव्हता.

तुमच्याकडे वर्गात 40-45 मुलं असतील असं धरतो. माझ्याकडे 44 होती. टोटलप्रमाणे लावून वरची 27 टक्के आणि खालची 27 टक्के घ्यायची (हा 27 चा आकडा केली नावाच्या संशोधकाचा, 1939 चा), म्हणजे माझ्याकडे वर 12 आणि खाली 12. वरच्यांतले बरोबर वजा खालच्यांतले बरोबर, भागिले 12, हे झालं डिस्क्रिमिनेशन. आता गंमत बघा, 12 जणांत एका मुलाने उत्तर बदललं की डिस्क्रिमिनेशन 0.08 ने हलतं. म्हणजे 0.17 आणि 0.25 यातला फरक फक्त एका मुलाचा, कदाचित त्या दिवशी ताप घेऊन बसलेल्या. त्यामुळे 0.20 ही रेघ लक्ष वेधायला ठीक आहे, फाशी द्यायला नाही.

दुसरं, अगदी सोप्या प्रश्नाला चांगलं डिस्क्रिमिनेशन येऊच शकत नाही. 44 पैकी 42 जणांनी बरोबर लिहिलं तर चुकलेले दोघंच, ते दोघंही खालच्या गटात असले तरी वर 12, खाली 10, म्हणजे जास्तीत जास्त 0.17. तो प्रश्न वाईट नाही, फक्त सोपा आहे, आणि पेपरच्या सुरुवातीला असे दोन-तीन मी मुद्दाम ठेवतो. तुमच्या सहापैकी ज्यांची डिफिकल्टी, म्हणजे बरोबर लिहिणाऱ्यांचं प्रमाण, 0.90 च्या वर आहे (नाव डिफिकल्टी असलं तरी आकडा मोठा म्हणजे प्रश्न सोपा, हे उलटं नाव कोणी ठेवलं देव जाणे) ते बाजूला काढा, त्यांची काळजी करू नका.

आता मायनसवाला. आधी बरोबर उत्तरांची की तपासा, कारण बऱ्याचदा गुन्हेगार तीच असते. ओळखायची खूण सोपी, वरच्या गटातली जवळजवळ सगळी मुलं एकाच ऑप्शनवर गेलेली दिसतात आणि तुमच्या कीमध्ये भलताच असतो. माझ्याच एका प्रश्नाला वरच्या 12 पैकी 10 जण बी वर होते आणि की म्हणत होती सी. मीच टाइप करताना घोळ केला होता.

पण की बरोबर असून मायनस आलं तर खरं काम सुरू होतं. माझा प्रश्न असा होता: "एका भरतीनंतर पुढची भरती साधारण किती वेळाने येते?" ऑप्शन ए 6 तास, बी 12 तास, सी 12 तास 25 मिनिटं, डी 24 तास. की सी. डिफिकल्टी आली 0.41, नुसतं हे बघितलं असतं तर म्हटलं असतं वा, मध्यम प्रश्न, पुढे चला. पण वरच्या 12 पैकी बरोबर 4 आणि खालच्या 12 पैकी 6, म्हणजे मायनस 0.17. एक-दोन मुलांचा खेळ असेल म्हणून मी तो सोडूनही दिला असता, पण ऑप्शननुसार मोजलं तेव्हा चित्र वेगळं निघालं. वरच्या गटात ए 0, बी 7, सी 4, डी 1. खालच्या गटात ए 3, बी 2, सी 6, डी 1. म्हणजे हुशार मुलं कुठेही भरकटली नव्हती, त्यातली निम्म्याहून जास्त एकाच ऑप्शनवर गेली होती.

मधल्या सुट्टीत दोघांना बोलावलं. वरच्या गटातली एक मुलगी, जिचे पप्पा मासेमारीला जातात, म्हणाली, "सर, तुम्ही साधारण लिहिलेलं ना, म्हणून बारा केलं, नाहीतर पंचवीस मिनिटं मला माहीत होती, भरती रोज पुढे सरकते म्हणून पप्पा सांगतात." आणि खालच्या गटातला एकजण सरळ म्हणाला, "सर, तो लांब होता म्हणून मारला." संपलं. एका "साधारण" मुळे बी आणि सी दोन्ही बरोबर ठरत होते, आणि सी बाकीच्यांपेक्षा लांब नि मिनिटांसकट असल्याने न वाचणाऱ्यालाही दिसत होता. हे दोन दोष मिळून आकडा मायनसमध्ये गेला. हे त्या मुलांना विचारल्याशिवाय मला कळलं नसतं, आकडा फक्त कुठे विचारायचं ते सांगतो. त्या टेस्टला मी बी आणि सी दोघांनाही मार्क दिले, चूक माझी होती.

मोजायला शीटमध्ये फार काही लागत नाही. रांगा 2 ते 45 मध्ये मुलं, टोटलप्रमाणे उतरत्या क्रमाने (सॉर्ट करताना सगळे कॉलम सिलेक्ट करा, एकच केलात तर नावं एकाची नि उत्तरं दुसऱ्याची होतात), बी कॉलममध्ये एका प्रश्नाचे 1 किंवा 0:

```
=AVERAGE(B2:B45)
=(SUM(B2:B13)-SUM(B34:B45))/12
```

पहिली ओळ डिफिकल्टी, दुसरी डिस्क्रिमिनेशन. ऑप्शन मोजायला 1-0 चालत नाही, मुलांनी लिहिलेली अक्षरं तशीच वेगळ्या शीटमध्ये, त्याच क्रमाने ठेवा:

```
=COUNTIF(B2:B13,"C")
=COUNTIF(B34:B45,"C")
```

मग मी प्रश्न बदलला. "मिरामारला आज सकाळी 6 वाजता भरती आली. दोन भरतींमध्ये 12 तास 25 मिनिटं धरली तर उद्या सकाळची भरती किती वाजता?" ऑप्शन 5:10, 6:00, 6:50, 9:00. "धरली तर" मुद्दाम लिहिलंय, कारण भरतीच्या तक्त्यात रोजचा फरक काटेकोर 50 मिनिटं नसतो आणि एखादा मुलगा तोच घेऊन भांडायला येईल. चारही ऑप्शन दिसायला सारखेच, लांब-आखूड काही नाही. हा पुढे दुसऱ्या डिव्हिजनला दिला, 40 मुलं, गट 11-11 चे. वर 10 बरोबर, खाली 4, डिस्क्रिमिनेशन 0.55, डिफिकल्टी 0.65. मुलं वेगळी असल्याने 0.41 वरून 0.65 झालं म्हणजे प्रश्न सोपा झाला असं म्हणता येत नाही, पण मायनस गेलं ते नक्की.

तरी एक राहिलंच. 9:00 हा ऑप्शन दोन्ही गटांत एकानेही घेतला नाही, म्हणजे प्रत्यक्षात तीनच ऑप्शनचा प्रश्न झाला आणि ठोकून देणाऱ्याचा चान्स वाढला. त्याजागी आता 6:25 टाकलंय, जो मुलगा दिवसात दोन भरत्या असतात हे विसरून 25 मिनिटं एकदाच मिळवतो तो तिथे जाईल असा अंदाज आहे, पुढच्या टेस्टला किती जातात ते बघायचंय.