'सम' चक्रात विषम आकडे

प्रश्न: (१ २ ३) मध्ये आकडे तीन, ऑर्डरही तीन, तरी पुस्तकात त्याला 'सम' म्हटलंय. मग सम-विषम हे नक्की कशाला म्हणतात?

अदलाबदलींच्या संख्येला. (१ २ ३) म्हणजे १ जातो २ कडे, २ जातो ३ कडे आणि ३ परत १ कडे. हेच काम दोन-दोन आकड्यांची अदलाबदल करून साधायचं तर (१ ३)(१ २) असं लिहावं लागतं, म्हणजे दोन अदलाबदली. दोन ही सम संख्या, म्हणून क्रमचय सम. k लांबीच्या चक्राला k−१ अदलाबदली पुरतात, त्यामुळे विषम लांबीचं चक्र सम आणि सम लांबीचं चक्र विषम ठरतं. नाव ठेवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा विचार केलेला दिसत नाही, पण नियम पक्का आहे. तेच काम चार किंवा सहा अदलाबदलींनीही करता येईल, तीन किंवा पाचांनी कधीच नाही.

गुणाकारात हे उपयोगी पडतं. S₅ मध्ये (१ ३ ५ २)(२ ५ ४) काढू. वाचायचं उजवीकडून, म्हणजे उजवं चक्र आधी. १ ला उजवं चक्र हात लावत नाही, डावं त्याला ३ कडे नेतं. ३ तसाच ५ कडे जातो. ५ ला उजवं ४ कडे नेतं आणि डाव्यात ४ नाहीच, म्हणून ५ जातो ४ कडे. ४ आधी २ कडे, मग १ कडे. चक्र बंद झालं. राहिला २: तो ५ कडे जाऊन परत २ वर येतो, म्हणजे जागचा हलत नाही. उत्तर (१ ३ ५ ४). ताळा: पहिलं चक्र विषम, दुसरं सम, म्हणून गुणाकार विषम हवा. चार लांबीचं चक्र विषमच असतं. जुळलं.

ऑर्डर मात्र वेगळी गोष्ट. ती म्हणजे किती वेळा केल्यावर सगळे आकडे मूळ जागी येतात ती संख्या, आणि ती चक्रांच्या लांबींचा लसावि असते. अट एकच, चक्रांत सामाईक आकडा नको. (१ २ ३)(४ ५) ची ऑर्डर ६. वरच्या गुणाकारात २ आणि ५ दोन्हीकडे आहेत. तिथे ४ आणि ३ चा लसावि १२ लिहिणारे पुष्कळ भेटतात. खरी ऑर्डर ४. S₅ मध्ये ६ च्या वर ऑर्डर जातच नाही, एवढं आठवलं तरी चूक पकडता येते.

एक चूक मात्र या ताळ्यांतून निसटते. तोच गुणाकार डावीकडून वाचला तर (१ ३ ४ २) येतं. तेही विषम, त्याचीही ऑर्डर ४. हा योगायोग नाही: αβ आणि βα यांच्या चक्रांच्या लांबी नेहमी सारख्याच असतात. म्हणून दिशा तपासायची तर एखादा आकडा हाताने चालवून बघावा. इथे २ घ्या: उजवीकडून वाचल्यास तो जागीच राहतो, डावीकडून वाचल्यास १ कडे जातो. काही पुस्तकं मुळातच डावीकडून वाचतात, तेव्हा आधी आपलं पुस्तक कुठल्या बाजूचं ते बघून घ्या.