सूटची शेरवानी करा, पण धड बदलू नका

प्रश्न: दादाच्या रिसेप्शनच्या उभ्या फोटोत सूट आहे, आईला शेरवानी हवी होती. एडिट करून होईल का, कुठलं अ‍ॅप? की शेरवानीचा सूट करणं सोपं असतं?

होतं की. फक्त दादाचं डोकं कापून शेरवानीतल्या मॉडेलवर बसवू नका. मी आधी पुण्यात ज्या स्टुडिओत अल्बमचं काम करायचो तिथले मालक हेच करायचे, म्हणायचे दहा मिनिटांचं काम, कोण बघतंय. एका अल्बमवर वरमाय सरळ म्हणाली, हे खांदे माझ्या पोराचे नाहीत. पोराचा डावा खांदा जरा उतरता होता, मॉडेलचे दोन्ही सरळ, आईला नाही कळणार तर कुणाला?

मग तो फोटो माझ्याकडे आला. नेव्ही ब्लू सूट, बायकोने त्याचं कोपर धरलेलं. मी नवऱ्याच्याच अंगकाठीच्या चुलतभावाला भाड्याची शेरवानी घालून तसंच उभं केलं, लाइट मूळ फोटोत ज्या बाजूने होता त्याच बाजूने आणि कॅमेरा तेवढ्याच उंचीवर, कारण कॅमेरा वर-खाली झाला की शेरवानीचा घेर वेगळा दिसतो. फोटोशॉपमध्ये डोकं, मान, दोन्ही हातांचे पंजे आणि बायकोची बोटं मूळ फोटोतलीच वरच्या लेयरवर ठेवली, मधे फक्त कापड घातलं आणि Puppet Warp ने ते त्या उतरत्या खांद्यावर बसवलं. बोटांखाली कापड दबलेलं दिसायला हवं, म्हणून तिथे लेयरचा मोड Multiply ठेवून बारीक सावली, तशीच उभ्या कॉलरच्या वर मानेवर.

खरी मेहनत खाली असते. सूटमध्ये दोन पायांमधून मागचं दिसतं, शेरवानी ते गुडघ्यापर्यंत झाकते, म्हणजे जमिनीवरच्या सावलीतली फटही तेवढी बुजवायची, हे लोक विसरतात. गुडघ्याखाली पँटची क्रीज राहिली तर चोरी पकडली जाते, ती पुसा. आणि क्रीम शेरवानीचा हट्ट नको, फिकं कापड हनुवटीखाली उजेड फेकतं, सूटच्या फोटोत तिथे अंधार असतो, मग डोकं चिकटवल्यासारखं दिसतं. मरून किंवा गडद निळी घ्या. मालकांना हे सगळं सांगितलं होतं, ते म्हणाले एवढा वेळ कोण देतं. मी दुरुस्त केलेला तो अल्बम तक्रार होऊन परत आला नाही, एवढंच सांगतो.

उलटं जास्त अवघड. शेरवानीमागे झाकलेल्या मांड्या, मधलं स्टेज, कधीकधी बायकोच्या पैठणीचा काठ, सगळं नव्याने बनवावं लागतं. त्याच स्टेजचा रिकामा फोटो असेल तरच हात घाला.

अ‍ॅपचं म्हणाल तर मोबाइलवर छोट्या स्क्रीनपुरतं बरं दिसतं, प्रिंटला जरीची खिचडी होते. बारा बाय अठराला ३०० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेल्यात तेवढे नसतात, फोटोग्राफरकडून ओरिजिनल मागा. आणि दादाला सूटच आवडत असेल तर आधी त्याला विचारा, आमच्याकडे त्यावरूनही भांडणं झालीयेत.