फोटोतल्या ड्रॉइंगवरून मापांची यादी करताना आधी टायटल ब्लॉक

मापांवर लगेच उडी मारू नकोस रे. आधी टायटल ब्लॉकमधलं युनिट, रिव्हिजन आणि जनरल टॉलरन्स यादीत सगळ्यात वर लिही. समज तिथे ISO 2768-m आहे आणि लांबी नुसती ४० मिमी दिलीय, तर ती ±०.३, म्हणजे ३९.७ ते ४०.३. पण बोअरला Ø20 H7 लिहिलं असेल तर तिथे जनरल टॉलरन्स चालत नाही, ते २०.००० ते २०.०२१ होतं, आणि नवीन मुलं इथेच सगळ्यांना एकच टॉलरन्स चिकटवून टाकतात.

फोटोत दशांशाचा टिंब आणि वजा चिन्ह हमखास पुसट येतं. अंदाज नको, त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाक, क्लोजअप मागव. फोटोवर पट्टी लावून माप तर कधीच काढू नको, कॅमेरा जरा तिरका असला की सगळं ताणलेलं दिसतं.