चार्जिंग मध्येच थांबतं तेव्हा टक्के नाही, वेळ बघा

प्रश्न: घरी १६ अँपिअरच्या पोर्टेबल चार्जरने रात्री इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावते. मर्यादा ८० टक्के ठेवली आहे. परवा ३५ वरून ४३ ला थांबली, काल ५० वरून ५८ ला. बॅटरी ४० किलोवॉट-तासांची आहे. बॅटरी गेली का?

उत्तर: बहुतेक नाही. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. दोन्ही वेळा थांबण्याचा टक्का वेगळा, पण भरलेली वीज तेवढीच, ८ टक्के म्हणजे सुमारे ३.२ युनिट. १६ अँपिअरवर बॅटरीत तासाला साधारण तेवढीच जाते. म्हणजे गाडी दोन्ही रात्री तासाभराने थांबली. बॅटरीतल्या एखाद्या सेलचा दोष असता तर ती ठरावीक टक्क्याच्या आसपास, तेही बहुधा वरच्या टोकाला अडली असती. ठरावीक वेळाने थांबणं म्हणजे काहीतरी हळूहळू तापतंय.

पहिला संशय भिंतीवरच्या सॉकेटवर घ्या. सॉकेटची पकड सैल झाली किंवा मागचा स्क्रू ढिला असला की तिथे समजा ०.१ ओहम रोध तयार होतो. १६ अँपिअरवर त्या एका ठिपक्यात १६ × १६ × ०.१, म्हणजे जवळपास २६ वॉट उष्णता निघते, तीही तासन्‌तास. गिझर थोड्या वेळात बंद होतो म्हणून तोच सॉकेट त्याला निमूट चालतो. चांगल्या पोर्टेबल चार्जरच्या प्लगमध्ये तापमान सेन्सर असतो. प्लग जास्त तापला की तो चार्जिंग तोडतो, आणि तो तोडतोय हे बरंच आहे.

तपासणी सोपी आहे. गाडीच्या मेनूतून किंवा चार्जरवरून करंट १० अँपिअर करा. उष्णता करंटच्या वर्गाने बदलते, त्यामुळे २६ वॉटचे १० वॉट होतात. वेग तासाला ५ टक्क्यांवर येईल, ३५ वरून ८० ला नऊएक तास लागतील. पण रात्र न थांबता निघाली, तर दोष उष्णतेचाच. शिवाय १६ वर अर्धा तास चालवून प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट चालेल; हात ठेवता येत नसेल तर लगेच बंद करा. मग एमसीबी पाडून प्लग काढा आणि पिना बघा. तपकिरी किंवा काळा डाग असलेली पिन म्हणजे पुरावाच. असा सॉकेट घासून, आवळून वापरू नका, पत्र्यांचा ताण गेलेला असतो. इलेक्ट्रिशियनकडून नवा, सलग भार सोसणारा सॉकेट बसवून घ्या. डाग पडलेला प्लगही बदलावा लागतो, नाहीतर तो नव्या सॉकेटलाही तापवतो. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये असेल तर तो आजच काढा.

सॉकेट थंड असूनही तासाभरानेच थांबत असेल, तर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर तापत असू शकतो. त्याचा कूलंट कमी असेल किंवा पंप बंद पडला असेल, तर करंट आधी घटतो आणि मग चार्जिंग थांबतं. हे काम सर्व्हिस सेंटरचं. बॅटरीच्या तापमानाचा मुद्दा मी इथे मागे ठेवतो. साडेतीन किलोवॉटने एवढी बॅटरी फारशी तापत नाही. तापमानाचा अडसर मुख्यतः डीसी फास्ट चार्जरवर येतो. कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली, मात्र बॅटरी सांभाळणारा गाडीतला नियंत्रक, म्हणजे बीएमएस, चार्जिंग अडवतो किंवा अगदी मंद करतो.

वेळेचा काही मेळच नसेल, म्हणजे कधी दहा मिनिटांत, कधी तीन तासांनी थांबत असेल, तर रोख केबलकडे वळवा. केबलमध्ये जाड तारांसोबत कंट्रोल पायलट नावाची बारीक तार असते, गाडी आणि चार्जरचा हँडशेक तिच्यावरच चालतो. काही न जोडता तिच्यावर १२ व्होल्ट असतात, गाडी जोडली की ९, आणि गाडीने वीज मागितली की ६. किती अँपिअर घ्यायचे हेही चार्जर याच तारेवरच्या स्पंदांतून सांगतो. ही तार क्षणभर जरी तुटली, तरी चार्जर गाडी काढली असं समजून वीज तोडतो. कनेक्टरच्या मुठीपाशी केबल रोज वाकते, तार बहुधा तिथेच तुटते. चार्जिंग चालू असताना मुठीपासून हातभर अंतरावर केबल हळूच हलवा. बाहेरचं आवरण फाटलेलं किंवा ओलं असेल, तर मात्र हात लावू नका. हलवल्यावर चार्जिंग थांबलं, तर केबलच बदला, टेप गुंडाळून भागत नाही. केबल ठीक निघाली तर थांबल्यावर चार्जरचा दिवा पाहून ठेवा: लाल असेल तर चार्जरने तोडलंय, आणि नुसता 'जोडलेलं आहे' दाखवत असेल तर बहुधा गाडीनेच मागणी काढून घेतली आहे. सर्व्हिस सेंटरला तक्रार सांगताना हे आणि थांबण्याची वेळ आधी सांगा.