वास्तुशांतीच्या भाषणात कोणता मंत्र घ्यावा?

गुहागरच्या तुमच्या नव्या घरी, सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांसमोर बोलताना ‘तच्छंयोरावृणीमहे’ हा शांतिमंत्र पूर्ण उलगडू नका. त्यातले ‘स्वस्तिर्मानुषेभ्यः’ आणि ‘शं नो अस्तु द्विपदे शं चतुष्पदे’ एवढेच घ्या. पहिल्यात माणसांचे कल्याण मागितले आहे आणि तिथे कुळाची किंवा पंथाची अट नाही, हे तुमच्या मुस्लिम व ख्रिस्ती शेजाऱ्यांना सहज पोचेल. दुसऱ्यात दोन पायांच्यांचे आणि चार पायांच्यांचे भले मागितले आहे; म्हणून आधी पडवीतल्या पाहुण्यांकडे आणि मग गोठ्यातल्या गाईकडे हात करा. मात्र ‘शं नो’मधला ‘नो’ म्हणजे मूळ ‘नः’, अर्थात ‘आमच्या’, हे लपवू नका. ‘आमच्या’त आज हे सारे पाहुणे आले, असे म्हणा. ‘सर्वे भवन्तु सुखिनः’ वेदातले म्हणून सांगू नका. मी एकदा तसे सांगितले होते, आणि भटजींनी जेवणाच्या पंगतीत हळूच सुधारले, की तो श्लोक वेदसंहितांत नाही.