हप्ता दुप्पट, मग वर्षं निम्मी का नाहीत?

प्रश्न: मुलगी 7 वर्षांची आहे. तिच्या शिक्षणासाठी 50 लाख जमवायचे आहेत. सध्या महिन्याला 10,000ची एसआयपी चालू आहे. गाडीचं कर्ज फिटल्यामुळे आणखी 10,000 मोकळे झालेत. हप्ता दुप्पट केला तर निम्म्या वर्षांत काम होईल ना?

उत्तर: नमस्कार. निम्म्या वर्षांत नाही होणार. पहिला हप्ता सगळ्यात जास्त महिने वाढतो, शेवटचा अजिबात वाढत नाही. या सगळ्या हप्त्यांची भूमितीय श्रेणी होते. तिची बेरीज:

```
F = P × ((1+r)^n − 1) / r
n = log(1 + F×r/P) / log(1+r)
```

P म्हणजे हप्ता, F उद्दिष्ट, r महिन्याचा दर आणि n महिने. n घातांकात अडकलाय, म्हणून लॉगॅरिदम घ्यावा लागतो. लॉगचा पाया कोणताही चालतो, फक्त वर-खाली तोच हवा.

महिना 1 टक्का धरून 10,000च्या हप्त्याला कंसात 6 येतात. log 6 = 0.77815, log 1.01 = 0.00432. भागाकार 180 महिने, म्हणजे 15 वर्षं. इथे छेद 0.004 असा गोळा केलात तर उत्तर 194वर जातं. सव्वा वर्षाची चूक! छेदातला लॉग इवलासा असतो, त्याचे दशांश तोडू नका.

20,000ला कंसात 3.5 येतात आणि उत्तर 126 महिने, साडेदहा वर्षं. कारण पहिल्या हिशेबात तुमच्या खिशातून 18 लाखच गेले, बाकी 32 लाख परताव्याने कमावले. मुदत कमी केलीत की परताव्याला तेवढा वेळ मिळत नाही, उरलेली भर तुम्हालाच घालावी लागते: 25 लाख 20 हजार.

मुलगी 18 वर्षांची व्हायला 11 वर्षं आहेत, म्हणजे कागदावर जमतंय. पण हा हिशेब अख्ख्या मुदतीसाठी 12 टक्के धरून केलाय. शेवटची दोन-तीन वर्षं पैसे इक्विटीतून हळूहळू डेटमध्ये हलवायलाच हवेत, त्यामुळे मी 9 टक्के धरेन, म्हणजे महिना 0.75. मग 142 महिने लागतात, पावणेबारा वर्षांच्या थोडं वर. वेळेत पोचायला हप्ता साधारण 22,300 हवा. तेव्हा मोकळे झालेले 10,000 जरूर वळवा, वर 2,300ची सोय बघा.

आता एक गोष्ट तुम्हीच तपासा: 50 लाख ही आजची फी की 11 वर्षांनंतरची? आजची असेल तर 6 टक्के महागाईने ती 95 लाखांच्या आसपास जाते, आणि हप्ता 42,000च्या वर. तो एकदम झेपणार नसेल तर कॉलेजच्या खर्चाचा एक भाग शैक्षणिक कर्जावर सोडा, पण तसं आत्ताच ठरवून.