सापडलेला शब्द वाक्यात बसवून घ्यावा

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा पाठाचा आराखडा मिळाला. चौथीच्या वर्गात नाम, क्रियापद आणि विशेषण हे तीन घटक शोधखेळातून शिकवण्याचा तुझा विचार मला मनापासून आवडला. वर्गभर लपवलेल्या चिठ्ठ्या, त्यांवरील सूचना वाचून शब्द गोळा करणारे गट आणि शेवटी फळ्यावर तीन रकाने, ही मांडणी उत्तम आहे. तरी त्यातील एका जागी मला अडचण दिसते. तिच्यावरच हे पत्र लिहीत आहे, कारण तेवढी सुधारली तर उरलेले बहुतेक सुरळीत होईल.

तुझ्या पहिल्या चिठ्ठीवर ‘वर्गातील पाच नामे शोधा’ असे आहे, दुसरीवर ‘पाच क्रियापदे शोधा’ असे. नामे मुले क्षणात आणतील. फळा, खडू, बाक, दप्तर, खिडकी हे सारे डोळ्यांसमोरच असते. क्रियापद मात्र वर्गात कुठे पडलेले नसते. मी हा खेळ प्रथम घेतला तेव्हा एका मुलीने क्रियापदांच्या रकान्यात ‘पंखा’ असे लिहिले होते. विचारल्यावर ती ठामपणे म्हणाली, “तो फिरतो ना! क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद.” तिने मी सांगितलेली व्याख्या अगदी प्रामाणिकपणे वापरली होती. चूक माझ्या चिठ्ठीची होती, कारण तिने वस्तू मागितली आणि मुलीने वस्तू आणून दिली. ‘फिरतो’ हा शब्द तिच्या तोंडून उत्तरातच आला होता, पण तो कागदावर उतरवायला तिला कोणी सांगितले नव्हते.

म्हणून चिठ्ठ्यांवर व्याकरणातील नावे लिहूच नकोस. क्रियापदासाठी ‘या क्षणी वर्गात हलणारे काहीतरी शोधा आणि ते काय करते ते वाक्यात लिहा’ अशी सूचना दे, म्हणजे ‘पंखा फिरतो’, ‘पडदा हलतो’, ‘मैत्रीण हसते’ अशी वाक्ये मिळतील. नामांसाठी एक चिठ्ठी वस्तूंची असू दे आणि दुसरी ‘वर्गात आहे, पण हातात धरता येत नाही’ अशी. या दुसऱ्या चिठ्ठीवर मुले थोडी रेंगाळतात, मग उजेड, आवाज, शांतता, गर्दी असे शब्द येऊ लागतात आणि नाम म्हणजे केवळ वस्तू ही समजूत तिथेच मोडते. विशेषणांच्या चिठ्ठीवर ‘रंगाचा शब्द नको’ एवढी अट जरूर घाल. ती नसेल तर सगळे गट लाल, निळा, पिवळा आणतील. ती असली की मुले वस्तूला हात लावून पाहतात आणि ‘खरखरीत भिंत’, ‘डगमगते बाक’, ‘तुटकी पट्टी’ असे काही लिहितात.

आणखी एक बारीक गोष्ट. नामांना पिवळ्या, क्रियापदांना हिरव्या चिठ्ठ्या असा विचार तू केला आहेस, तो सोडून दे. मुले हुशार असतात. ती रंग पाहून रकाना ठरवतात आणि शब्दाकडे पाहतच नाहीत. सगळ्या चिठ्ठ्या एकाच रंगाच्या ठेव.

तुझी तासिका 40 मिनिटांची आहे. त्यातील 15 मिनिटांहून अधिक वेळ शोधण्यात जाऊ देऊ नकोस. वर्गात 36 मुले असतील तर 6 जणांचे 6 गट कर आणि प्रत्येक गटातील दोघांनीच उठून शोधावे, दोघांनी लिहावे, दोघांनी वाक्य तपासावे. पुढच्या चिठ्ठीला कामे बदलावीत. सगळे एकदम उठले तर धावपळ होते आणि लाजरी मुले भिंतीशी उभी राहतात. उरलेला वेळ फळ्यासमोरच्या चर्चेसाठी राखून ठेव, कारण खरे शिकणे तिथे होते. तिथला नियम एकच असावा: शब्द एकटा आला तर तो कोणत्याही रकान्यात जाणार नाही, त्याने आपले वाक्य सोबत आणले पाहिजे.

हा नियम मी का धरून बसतो, हे एका शब्दावरून दाखवतो. कोणत्या तरी गटाच्या कागदावर ‘उघडा’ हा शब्द हमखास येतो. एक मूल म्हणते विशेषण, दुसरे म्हणते क्रियापद, आणि दोघेही बरोबर असतात. अशा वेळी निकाल देऊ नकोस. फळ्यावर तीन वाक्ये लिही: ‘उघडा दरवाजा वाऱ्याने आपटला.’ ‘तो दरवाजा उघडा.’ ‘दरवाजा उघडा आहे.’ मग मुलांना दरवाजा पुसून तिथे खिडकी लिहायला सांग आणि वाक्य कानाला बरोबर वाटेपर्यंत दुरुस्त करू दे. पहिले वाक्य ‘उघडी खिडकी वाऱ्याने आपटली’ असे होते, दुसरे ‘ती खिडकी उघडा’ असे, तर तिसरे ‘खिडकी उघडी आहे’ असे. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात ‘उघडा’चे ‘उघडी’ झाले, कारण तिथे तो शब्द खिडकी कशी आहे ते सांगतो. दुसऱ्यात तो होता तसाच राहिला, कारण तिथे तो काय करायचे ते सांगतो. तिसरे वाक्य मुद्दाम घ्यावे. विशेषण नेहमी नामाच्या आधीच येते असे मुले गृहीत धरतात आणि तो समज या वाक्याने सहज दूर होतो.

या कसोटीची मर्यादा मात्र तुला ठाऊक असली पाहिजे. ‘पंखा फिरला, खिडकी हलली, कपाट पडले’ यांत क्रियापदेही नामाप्रमाणे बदलतात, आणि ‘जड’, ‘स्वच्छ’, ‘खरखरीत’ ही विशेषणे मुळीच बदलत नाहीत. म्हणून शब्द बदलला की विशेषण, असा नियम मुलांच्या हाती देऊ नकोस. क्रियापदासाठी ‘काल’ आणि ‘उद्या’ हे दोन शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवून पाहायला शिकव. ‘पंखा फिरतो’चे ‘काल पंखा फिरला, उद्या पंखा फिरेल’ होते. ‘जड दप्तर आणले’ या वाक्यात मात्र काल म्हणा की उद्या म्हणा, ‘जड’ जागचा हलत नाही आणि बदलते ते ‘आणले’. ‘आहे’सारखे क्रियापद काहीच करताना दिसत नाही, पण काल ‘होते’ आणि उद्या ‘असेल’ म्हणताच तेही ओळखू येते. मुलांना ही कसोटी व्याख्येपेक्षा लवकर वापरता येते, असा माझा अनुभव आहे.

खेळ समजला की नुसता रंगला, हे फळ्यावरून कळत नाही, कारण तिथे चार-पाच मुलेच बोलतात. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक कोरा कागद दे आणि ‘खेळ’ हा शब्द वापरून दोन वाक्ये लिहायला सांग, एकात तो नाम असावा आणि दुसऱ्यात क्रियापद. ‘आमचा खेळ संपला’ हे जवळपास सगळ्यांना जमेल. ‘तू माझ्याबरोबर खेळ’ हे किती जणांना जमले ते मोज, आणि ज्यांना जमले नाही त्यांची वाक्ये मला जशीच्या तशी लिहून पाठव. पुढच्या तासिकेच्या चिठ्ठ्या आपण त्यांवरूनच तयार करू.

तुझा हितचिंतक